शनिवारची नव्वद मिनिटं : चौदा मुलांच्या जलतरण गटाचं साप्ताहिक सत्र बसवताना

पार्श्वभूमी

महाराष्ट्रातल्या एका शहरातला नगरपालिकेचा उघड्यावरचा टँक. लांबी २५ मीटर, लेन सहा, पाणी गरम करण्याची सोय नाही. या टँकवर ११ ते १३ वर्षांच्या चौदा मुलांचा एक गट सराव करतो. सगळ्यांना फ्रीस्टाइल येतं, निम्म्याहून जास्त मुलांना फ्लिप टर्नही जमतो. आठवड्यातले पाच दिवस ही मुलं ४५ मिनिटांच्या सार्वजनिक बॅचमध्ये पोहतात. तिथे एका लेनमध्ये दहा-बारा जण असतात, त्यामुळे ठरवून केलेला सराव होत नाही. मुलं पाण्यात राहतात, मीटर भरतात, एवढंच.

शनिवारी संध्याकाळी मात्र तीन लेन फक्त या गटाला मिळतात, तेही नव्वद मिनिटं. तंत्राची ड्रिल, किक आणि दमसास ही तिन्ही कामं याच एका सत्रात करायची, म्हणजे प्रश्न वेळेच्या वाटणीचा होता. मुख्य कोच एक आणि मदतीला एक तरुण सहायक, अशी दोनच माणसं.

अडचण

जुन्या सत्राचा क्रम असा होता : ४०० मीटर वॉर्म-अप, मग दर सव्वादोन मिनिटांनी सुटायचं अशा १०० मीटरच्या दहा फेऱ्या, त्यानंतर ४०० मीटर सलग, मग बोर्ड धरून ४०० मीटर किक आणि उरलेल्या वेळात ड्रिल. एकूण साधारण २४०० मीटर. आकडा चांगला दिसत होता, पण दहा आठवड्यांत बहुतेकांच्या ४०० मीटरच्या वेळेत फरक पडला नाही.

सहायकाने दोन शनिवार काठावर बसून हातांचे स्ट्रोक मोजले. मधल्या लेनमधली मुलं वॉर्म-अपमध्ये २५ मीटरला २२ हात मारत होती. तीच मुलं आठव्या शंभरावर २७ हातांवर गेली. पाण्याखाली पाहिलं तर कारण स्पष्ट होतं. दमल्यावर कोपर खाली पडतं, त्यामुळे तळवा पाणी मागे ढकलण्याऐवजी खाली दाबतो. त्या दाबाने डोकं वर येतं आणि कंबर बुडते. मग तेवढंच अंतर कापायला जास्त हात लागतात आणि मूल आणखी दमतं. शंभराच्या दहा फेऱ्या म्हणजे टँकच्या चाळीस लांब्या, आणि त्यातल्या अर्ध्याअधिक या बिघडलेल्या हातांनी होत होत्या. शेवटी घाईत उरकलेलं ड्रिल सहा लांब्यांच्या वर जात नव्हतं. शरीर काय लक्षात ठेवणार, हे उघड आहे.

दुसरी अडचण सुटण्याच्या वेळेची. सव्वादोन मिनिटं सगळ्यांना सारखीच होती. सर्वांत वेगवान लेनमधली मुलं शंभर मीटर दीड मिनिटाच्या आत मारून पाऊण मिनिटाहून जास्त वेळ भिंतीला टेकून उभी राहायची. त्यांचा तो दमसासाचा सेट राहतच नव्हता, लांब विश्रांतीच्या स्प्रिंट होत होत्या. सर्वांत हळू लेनमधल्या मुलांना शंभर मीटरला दोन मिनिटं वीस सेकंद लागायची. म्हणजे त्यांना विश्रांती शून्य. ती एक-दोन लांब्या गाळून पुढच्या फेरीत सामील व्हायची, आणि त्यांनी किती अंतर पोहलं हे कोणालाच माहीत नसायचं.

किकचं तर गप्पांचं सत्र झालं होतं. बोर्ड हातात, डोकं वर, तोंड मोकळं. डोकं वर असलं की कंबर खाली जाते, आणि मूल गुडघ्यातून सायकल मारल्यासारखे पाय हलवतं. अशा ४०० मीटरमधून पायांना काही मिळत नाही, खांद्यांना मात्र ताण पडतो, कारण मुलं बोर्डचं पुढचं टोक धरून त्यावर भार टाकतात.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय आठवडे वाटण्याचा होता : एका शनिवारी फक्त तंत्र, दुसऱ्या शनिवारी फक्त दमसास. यात प्रत्येक कामाला भरपूर वेळ मिळतो. पण मधे मूल एक शनिवार चुकलं, तर तंत्राचं सत्र थेट महिन्याने येतं. या वयात शाळेच्या स्पर्धा, परीक्षा, गावाला जाणं यात एखादा शनिवार जातोच. हा पर्याय पहिल्याच चर्चेत बाजूला पडला.

दुसरा पर्याय म्हणजे ड्रिल आधी, मग किक, शेवटी दमसास. अनेक टँकवर हाच क्रम असतो. ड्रिल आधी घेण्याबद्दल मतभेद नव्हता, ताज्या अंगानेच नवी हालचाल शिकता येते. वाद किकच्या जागेवर होता. मांडीचे स्नायू शरीरातल्या सर्वांत मोठ्या स्नायूंपैकी, ते जोरात वापरले की श्वास झपाट्याने चढतो. जोराच्या किकनंतर लगेच लांब सेट घेतला तर पाय जड होतात, कंबर बुडते आणि नुकतंच घोटलेलं तंत्र पहिल्या शंभरातच मोडतं. कोचने एका शनिवारी हा क्रम करून पाहिला. मधल्या लेनचे स्ट्रोक दुसऱ्याच फेरीत २६ झाले.

तिसऱ्या पर्यायात किकचे दोन तुकडे होते. हलकी, कुशीवरची किक ड्रिलच्या भागात, कारण तिचा उपयोग पायांच्या ताकदीपेक्षा शरीर सरळ धरायला शिकण्यासाठी आहे. जोराची किक दमसासानंतर. यातला धोका सहायकाने लगेच दाखवला : शेवटी ठेवलेलं काम वेळ कमी पडला की गळतं, आधी ड्रिलचं तेच झालं होतं. म्हणून एक अट घातली गेली. प्रत्येक भाग भिंतीवरच्या घड्याळावर सुरू होईल आणि घड्याळावरच थांबेल, मीटर पुरे झाले की नाही याला महत्त्व नाही. या अटीवर तिसरा पर्याय ठरला.

लेन आणि वेग कसे ठरवले

प्रत्येक मुलाची ४०० आणि २०० मीटरची वेळ दोन वेगळ्या शनिवारी घेतली. दोन्हींच्या फरकातून टिकाऊ वेग काढता येतो. मधल्या लेनचं उदाहरण घ्या. ४०० मीटरला ७ मिनिटं २० सेकंद, म्हणजे ४४० सेकंद. २०० मीटरला ३ मिनिटं २८ सेकंद, म्हणजे २०८. फरक २०० मीटरचा आणि २३२ सेकंदांचा. म्हणून शंभराला ११६ सेकंद, म्हणजे १ मिनिट ५६. याच हिशेबाने पुढच्या, म्हणजे सर्वांत वेगवान लेनचा वेग १ मिनिट ३५ आला आणि मागच्या, म्हणजे सर्वांत हळू लेनचा २ मिनिटं २०.

हा हिशेब मोठ्यांवर बरा चालतो, मुलांवर जपून वापरावा लागतो. मूल ४०० मीटर सुरू करताना जीव तोडून निघतं आणि शेवटी कोसळतं. मग ४०० ची वेळ फुगते आणि टिकाऊ वेग खऱ्यापेक्षा हळू दिसतो. उलट २०० मीटर निवांत मारलं तर आकडा खोटा वेगवान निघतो. म्हणून सहायकाने ४०० मीटरच्या चारही शंभरांच्या वेळा लिहिल्या. तीन मुलांचा पहिला आणि शेवटचा शंभर यांत वीस सेकंदांहून जास्त फरक होता. त्यांची चाचणी पुढच्या आठवड्यात परत घेतली, पहिला शंभर ठरावीक वेळेपेक्षा आधी संपवायचा नाही या अटीवर.

ठरलेलं सत्र

पहिली आठ मिनिटं काठावर : खांदे फिरवणं, बसून घोट्याचा ताण, हलक्या उड्या. मग आठ मिनिटं वॉर्म-अप, यात पुढच्या दोन लेन ३०० मीटर करतात आणि मागची २००.

सोळाव्या मिनिटाला ड्रिल. वीस मिनिटं, दर दोन मिनिटांनी एक फेरी, एकूण दहा. प्रत्येक फेरीत २५ मीटर ड्रिल, थोडं थांबून २५ मीटर साधं पोहणं. ही जोडी मुद्दाम ठेवली आहे. नुसतं ड्रिल करणारं मूल ड्रिलमध्ये हुशार होतं आणि पोहायला लागलं की जुन्याच हातांवर येतं. लगेच पोहायला लावलं तर ड्रिलमधली जाणीव पुढच्या पंचवीस मीटरमध्ये उतरते का, हे त्याला आणि कोचला दोघांनाही कळतं.

एका शनिवारी दोनच ड्रिल. पहिल्या चार फेऱ्या कुशीवरच्या किकच्या : खालचा हात पुढे, वरचा मांडीला, नजर टँकच्या तळाकडे, श्वासापुरतं तोंड वळवायचं. उरलेल्या सहा फेऱ्या सहा-किक बदलाच्या. एका कुशीवर सहा किक, मग एक पूर्ण स्ट्रोक मारून दुसऱ्या कुशीवर. इथे नेहमीची चूक म्हणजे हात आधी फिरतो आणि अंग मागून वळतं. कोचची सूचना एकच असते, ‘कंबर वळू दे, हात तिच्याबरोबर येईल.’ तीन आठवड्यांनी दुसरं ड्रिल बदलून मुठी मिटून पोहणं आलं. मुठीने पाणी धरता येत नाही, त्यामुळे मूल आपोआप कोपर वर ठेवून पूर्ण हाताने पाणी मागे ढकलायला लागतं.

पाच मुलांच्या लेनमध्ये कुशीवरची किक जाता-येता केली की हात-पाय आपटतात. म्हणून ड्रिलचे २५ मीटर सगळे एकाच दिशेने जातात, पलीकडच्या भिंतीला सगळे पोचले की पोहत परत येतात.

अडतिसाव्या मिनिटाला दमसासाचा सेट, तिन्ही लेनला वीस मिनिटं. पुढच्या लेनला १०० मीटरच्या ११ फेऱ्या, दर १ मिनिट ५० सेकंदांनी. मधल्या लेनला ९ फेऱ्या, दर २ मिनिटं १० सेकंदांनी. मागच्या लेनला शंभर द्यायचे की पन्नास, यावर थोडा विचार झाला. त्या मुलांचे हात तिसऱ्या लांबीनंतर बिघडत होते, म्हणून त्यांना ५० मीटरच्या १५ फेऱ्या, दर १ मिनिट २० सेकंदांनी. सगळ्यांना दहा ते पंधरा सेकंद विश्रांती मिळते, सगळे एकाच वेळी सुरू होतात आणि जवळपास एकाच वेळी संपवतात. अंतर मात्र ११००, ९०० आणि ७५० असं वेगळं.

या सेटला एक नियम जोडला. ड्रिलनंतरच्या साध्या पोहण्यात मुलाचे जितके हात होते, त्यापेक्षा तीन जास्त सलग दोन फेऱ्यांत झाले, तर पुढची फेरी अर्ध्या अंतराची. शंभराचे पन्नास, पन्नासाचे पंचवीस. हात सावरले की परत पूर्ण अंतर.

साठाव्या मिनिटाला जोराची किक : २५ मीटरच्या १२ फेऱ्या, दर मिनिटाला एक. मागच्या लेनला १० फेऱ्या, दर १ मिनिट १० सेकंदांनी. बोर्ड मागच्या काठाला धरायचा, म्हणजे खांदे मोकळे राहतात. एक फेरी बोर्डने, एक बोर्डाशिवाय हात पुढे लांब करून आणि चेहरा पाण्यात. छोट्या फेऱ्यांमुळे गप्पांना जागाच राहिली नाही. फिन्स चारच मुलांकडे होते, म्हणून ते कोणालाच वापरायला दिले नाहीत.

त्यानंतर २५ मीटरच्या चार फेऱ्या शांत, स्ट्रोक मोजत, आणि शेवटी २०० मीटर कूल-डाउन. पुढच्या लेनचे २५००, मधल्या लेनचे २३०० आणि मागच्या लेनचे २००० मीटर होतात. म्हणजे अंतर फारसं वाढवलेलं नाही, त्यातली कामं हलवली आहेत.

अमलात आणताना काय झालं

दुसऱ्याच शनिवारी स्ट्रोक मोजण्याचा दुष्परिणाम दिसला. हात कमी दाखवायचे म्हणून मुलं प्रत्येक स्ट्रोकनंतर हात पुढे ठेवून सरकत राहायला लागली. आकडा २२ वरून १९ झाला, पण २५ मीटरची वेळ चार सेकंदांनी वाढली. असं थांबत पोहणाऱ्याला प्रत्येक हाताने वेग नव्याने मिळवावा लागतो, त्यात फायदा काहीच नाही. म्हणून मोजायची रीत बदलली : २५ मीटरचे सेकंद अधिक हातांची संख्या. २८ सेकंद आणि २२ हात म्हणजे ५०. हात कमी करून वेळ वाढली तर बेरीज हलत नाही किंवा उलट वाढते. मुलांना हे पटकन कळलं आणि सरकणं थांबलं.

चौथ्या आठवड्यात मधल्या लेनमधला एक मुलगा जवळपास प्रत्येक वेळी पाचव्या फेरीत नियमात अडकत होता. कोचला वाटलं दमसास कमी आहे. सहायकाने पाण्याखालून पाहिलं तेव्हा दिसलं की तो एकाच बाजूला श्वास घेतो आणि दमल्यावर श्वासासाठी डोकं उचलतो. त्याची फेरी छोटी करून उपयोग नव्हता. त्याला ड्रिलच्या चार फेऱ्यांत न जमणाऱ्या कुशीवर जास्त वेळ दिला. नियम काहीतरी बिघडलं एवढंच सांगतो, काय बिघडलं ते कोणीतरी पाहावं लागतं, आणि दोन माणसांत चौदा मुलांकडे तसं पाहणं ही या रचनेची खरी मर्यादा आहे.

सर्वांत अवघड निर्णय डिसेंबरमध्ये आला. संध्याकाळी पाणी २२ अंशांच्या आसपास उतरलं. ड्रिलमध्ये हालचाल मंद आणि मधे थांबणं जास्त, त्यामुळे अंगाने बारीक मुलं सातव्या फेरीपर्यंत कुडकुडायला लागली. कुडकुडणाऱ्या मुलाचे खांदे आखडतात, बोटं फाकतात, मग तंत्र शिकवणं शक्यच नसतं. ओठ निळसर दिसलेल्या दोघांना बाहेर काढून, कोरडं करून उबदार कपड्यांत बसवलं. पुढच्या शनिवारपासून हिवाळ्यापुरता बदल केला : वॉर्म-अप बारा मिनिटांचा, ड्रिलच्या फेऱ्या सहा, दर पावणेदोन मिनिटांनी, आणि राहिलेलं तंत्राचं काम दमसासाच्या सेटमध्ये पेरलं. दर तिसऱ्या फेरीची पहिली लांबी मिटलेल्या मुठींनी. ताज्या अंगाने ड्रिल करण्याचं तत्त्व इथे थोडं सोडावं लागलं. थंड पाण्यात दुसरा मार्ग नव्हता.

निकाल

बारा शनिवारांनंतर चाचणी परत घेतली. मधल्या लेनची सरासरी ४०० मीटरला ७ मिनिटं २ सेकंद आणि २०० मीटरला ३ मिनिटं २२ सेकंदांवर आली. टिकाऊ वेग शंभराला १ मिनिट ५० सेकंद. सेटच्या शेवटच्या फेरीतले हात २७ ऐवजी २४. या वयात मुलं तीन महिन्यांत उंचही होतात, त्यामुळे वेळेतली सगळी सुधारणा सत्राच्या नावावर टाकता येत नाही. स्ट्रोकचा फरक मात्र एकाच दिवसातल्या सुरुवातीशी शेवट ताडून पाहता येतो. त्यात उंचीचा हिशेब येत नाही, म्हणून तोच जास्त भरवशाचा.

पुढच्या लेनला वेळेत थोडाच फायदा झाला. त्यांना आता शंभराऐवजी २०० मीटरच्या फेऱ्या हव्या होत्या, आणि तो बदल उशिरा झाला. मागच्या लेनमधली दोन मुलं जिथल्या तिथे राहिली. हजेरीची वही पाहिली तर ती आठवड्याच्या बॅचला जेमतेम दोनदा येत होती. एका शनिवारवर दमसास वाढत नाही. ती दोन मुलं तंत्रात सुधारली, एवढंच त्या सत्राकडून मिळू शकत होतं.

किकचा निकाल संमिश्र होता. पहिल्या पाच आठवड्यांत २५ मीटर किकची वेळ सरासरी ३८ सेकंदांवरून ३३ वर आली, पुढे हललीच नाही. ज्यांची अडली, त्यांतल्या बहुतेकांचे घोटे कडक होते. पाय लांब करून बसल्यावर त्यांचा पंजा पुढे झुकतच नव्हता. असा पंजा पाणी मागे ढकलण्याऐवजी खाली ढकलतो, तिथे ताकद वाढवून काही होत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

घोट्यांची तपासणी पहिल्याच दिवशी काठावर व्हायला हवी होती, तिला पाच मिनिटं पुरतात. ज्यांचे घोटे कडक आहेत त्यांना रोज घरी पावलांवर बसून तीस सेकंदांचे तीन ताण द्यायचे, गुडघ्यात दुखलं तर थांबायचं, आणि त्यांच्या किकच्या बारा फेऱ्यांतल्या चार कुशीवरच्या किकला द्यायच्या.

लेन बदलण्यासाठी बाराव्या आठवड्याची वाट पाहायला नको होती. सहाव्या शनिवारी फक्त ४०० मीटरची चाचणी घेतली असती, तर पुढच्या लेनचे २०० मीटरचे सेट तिथूनच सुरू झाले असते, आणि मधल्या लेनमधल्या दोन मुली सहा आठवडे आधी पुढे गेल्या असत्या.

स्ट्रोक मोजायला सहायक एकटा पुरत नाही. जानेवारीत ठरलं की प्रत्येक लेनमधल्या एका मुलाने आळीपाळीने एक फेरी काठावर बसून जोडीदाराचे हात मोजायचे. थंडीत मात्र ओल्या अंगाने काठावर बसवायचं नाही, म्हणून ही पद्धत फक्त मागच्या लेनमध्ये, शेवटच्या चार शांत फेऱ्यांना, टॉवेल गुंडाळून सुरू केली आहे. बाकी दोन लेनमध्ये ती मार्चमध्ये पाणी तापल्यावर येईल, आणि तेव्हाच ड्रिल परत दहा फेऱ्यांवर जाईल.